मृत्युपत्र नसेल तर आईला किती? हिंदू, ख्रिस्ती आणि पारशी घरांतला फरक

नाशिकच्या शरणपूर रोडवरचा एक फ्लॅट धरू. स्वकमाईचा, कर्ज फिटलेला, किंमत ८४ लाख. मालक मृत्युपत्र न करता वारला. वडील आधीच गेलेले. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि आई.

घर हिंदू असेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चौघांना सारखे २१ लाख. जैन, बौद्ध आणि शीख घरांतही हेच.

घर ख्रिस्ती असेल, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. बायकोला एक तृतीयांश, म्हणजे २८ लाख. उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, म्हणजे प्रत्येकी २८. आईला काहीच नाही. मुलंबाळं मागे असली की आई वारसांत येतच नाही. मला या कायद्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते, कारण ती म्हातारी बहुधा त्याच फ्लॅटमध्ये राहत असते.

पारशी घरालाही १९२५ चाच कायदा, पण त्यातलं प्रकरण वेगळं. बायको आणि प्रत्येक मूल यांना सारखा वाटा, आईला मुलाच्या वाट्याच्या निम्मा. साडेतीन भाग पडतात : तिघांना २४-२४ लाख, आईला १२. वडील असते तर त्यांनाही निम्मा वाटा मिळाला असता. १९९१ च्या दुरुस्तीपासून पारशी मुलगा आणि मुलगी यांचे वाटे सारखे आहेत.

मुस्लिम घरात हिशेब आणखी निराळा. सुन्नी कुटुंबात इथे बायकोला एक अष्टमांश, आईला एक षष्ठांश आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट.

मूलबाळ नसेल तर चित्र फिरतं. समजा मागे बायको, आई, एक भाऊ आणि एक बहीण आहेत. हिंदू घरात बायको आणि आई निम्मे-निम्मे घेतात, पारशी घरातही तसंच. ख्रिस्ती घरात बायकोला ४२ लाख आणि उरलेले ४२ आई, भाऊ, बहीण यांत १४-१४. वडील हयात असते, तर ते सगळे ४२ त्यांचेच होते.

घोळ होतो तो वारसनोंदीच्या वेळी. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची आडनावं शेजाऱ्यांसारखीच मराठी, त्यामुळे अर्ज हिंदू पद्धतीने भरला जातो आणि आईचं नाव लागतं. पुढे फ्लॅट विकताना तेच नाव आडवं येतं. अर्जाच्या मसुद्यात १९५६ चा कायदा दिसला, की तिथेच थांबा.

तेव्हा ख्रिस्ती माणसाने आईसाठी काही ठेवायचं असेल, तर मृत्युपत्राला पर्याय नाही. निदान ‘आईला हयातभर या घरात राहण्याचा हक्क’ एवढं तरी त्यात लिहावं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र मात्र ख्रिस्ती आणि पारशी माणसाच्या बाबतीत लग्न होताच रद्द होतं. हिंदूंचं तसं होत नाही. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाचं नंतर लग्न झालं असेल, तर मृत्युपत्र नव्याने करावं लागेल.