पॅलिंड्रोम नसलेल्या स्ट्रिंगचं ग्रामर: बाहेरून सोलत जायचं की एक बेमेळ जोडी पकडायची?

`a` आणि `b` ने बनलेल्या आणि उलट वाचल्यावर वेगळ्या दिसणाऱ्या सगळ्या स्ट्रिंगसाठी कॉन्टेक्स्ट फ्री ग्रामर लिहा आणि प्रत्येक रूल का आहे ते सांगा, असा प्रश्न आला की पहिला विचार येतो की पॅलिंड्रोमचं ग्रामर तर येतंच, त्याचं उलटं करून टाकू. पण ग्रामरमध्ये "हे सोडून बाकी सगळं" असं लिहायची सोयच नसते, आणि कॉन्टेक्स्ट फ्री लँग्वेजचं कॉम्प्लिमेंट कॉन्टेक्स्ट फ्री असेलच असंही नाही. इथे ते आहे, पण ते ग्रामर लिहून दाखवावं लागतं. त्याचे दोन सरळ मार्ग आहेत, कुठला घ्यायचा ते बघू.

पहिला:

```
S -> aSa | bSb | aTb | bTa
T -> aT | bT | ε
```

दुसरा:

```
S -> XSX | aTb | bTa
T -> XTX | X | ε
X -> a | b
```

पहिल्यात टोकाची दोन अक्षरं बघायची, सारखी असली तर काढून टाकायची आणि आत जायचं, वेगळी दिसली की काम संपलं, मधे काहीही असू दे. दुसऱ्यात टोकं सारखी आहेत की नाही याची फिकीरच नाही, समोरासमोरची कुठलीतरी एक बेमेळ जोडी निवडायची आणि बाकी सगळ्या जागा मोकळ्या सोडायच्या. रूल मोजले तर 7 आणि 8, म्हणजे लांबीवरून निर्णय घेण्यात अर्थ नाही.

आता पहिल्याचं जस्टिफिकेशन. आधी ठरवून टाका की `T` म्हणजे कुठलीही स्ट्रिंग आणि `S` म्हणजे फक्त पॅलिंड्रोम नसलेली, हे न लिहिता लोक थेट रूल समजावायला बसतात आणि मग सगळं गोल गोल फिरतं. `aSa` बरोबर का, तर आतली स्ट्रिंग उलटल्यावर बदलते, दोन्ही बाजूंना `a` लावला तरी ती बदलणारच, `bSb` चं तेच. `aTb` ची सुरुवात `a` ने होते आणि उलटल्यावर `b` ने, त्यामुळे आत काय आहे ते बघायची गरजच नाही, `bTa` चंही तसंच. झालं, चुकीची स्ट्रिंग येत नाही एवढं सिद्ध झालं. पण हे अर्धंच काम आहे, आणि मार्क जातात ते उरलेल्या अर्ध्यात: एकही स्ट्रिंग सुटत नाही हे पण दाखवायला लागतं. त्यासाठी लांबीवर इंडक्शन. पॅलिंड्रोम नसलेली स्ट्रिंग किमान 2 अक्षरांची असते. टोकं वेगळी असतील तर `aTb` किंवा `bTa`. टोकं सारखी असतील तर आतला भाग पॅलिंड्रोम असूच शकत नाही, कारण तो असता तर अख्खी स्ट्रिंग पॅलिंड्रोम झाली असती, म्हणून आतला भाग छोट्या लांबीच्या `S` मधून येतो. बस, एवढंच.

प्रत्येक रूल गरजेचा आहे हे दाखवायचा एक झकास मार्ग म्हणजे तो रूल खोडायचा आणि कुठली स्ट्रिंग हरवते ते सांगायचं. `aSa` काढला तर `aaba` गेली, `bSb` काढला तर `babb`. `aTb` नसेल तर साधी `ab` पण येत नाही, `bTa` नसेल तर `ba`. `aT` शिवाय `aab` नाही आणि `bT` शिवाय `abb` नाही. आणि `T -> ε` काढला तर `T` कधी संपतच नाही, म्हणजे अख्खी लँग्वेजच रिकामी. अशी एक एक स्ट्रिंग दिली की तपासणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे `T` वेगळा न ठेवता `aSb | bSa` लिहून शेवटी `ab | ba` वर संपवणं. दिसायला बरोबर वाटतं पण मग अगदी मधली जोडीच बेमेळ असावी लागते, त्यामुळे `aaab` येत नाही, आणि विषम लांबीची तर एकही नाही. काही जण ते दुरुस्त करायला `S -> ε` टाकतात, मग `abba` सारखे पॅलिंड्रोम आत घुसतात. एकदा बेमेळ जोडी सापडल्यावर बंधन उठतं, आणि ते उठलं हे लक्षात ठेवायलाच दुसरा व्हेरिएबल आहे.

दुसऱ्या ग्रामरचं जस्टिफिकेशन खरं तर आणखी सोपं आहे, कारण ते व्याख्येतूनच येतं: स्ट्रिंग पॅलिंड्रोम नाही म्हणजे सुरुवातीपासून i वं आणि शेवटापासून i वं अक्षर वेगळं असेल असा कुठलातरी i आहे. `XSX` प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना एक एक अक्षर लावतो म्हणून जोडी समोरासमोरच राहते, `aTb` आणि `bTa` ती जोडी ठेवतात, `T` मधलं सगळं भरतो, आणि मधे विषम अक्षरं असतील तर `T -> X` लागतो, तो विसरला तर `aab` गेली.

मग फरक कुठे पडतो? `aababa` घ्या. टोकं `a` आणि `a`, मग `a` आणि `b`, मग `b` आणि `a`, म्हणजे दोन बेमेळ जोड्या. पहिल्या ग्रामरमध्ये पर्यायच नाही:

```
S => aSa => aaTba => aabTba => aabaTba => aababa
```

दुसऱ्यात मात्र बाहेरची बेमेळ जोडी धरली तर एक पार्स ट्री, आतली धरली तर वेगळा. जेवढ्या बेमेळ जोड्या तेवढे ट्री, `aaabbb` ला तीन. म्हणजे दुसरं ग्रामर अँबिग्युअस आहे आणि पहिलं नाही, कारण तिथे टोकं बघितली की रूल ठरतोच, आणि `T` पण डावीकडून एकेक अक्षर काढतो.

हे मोजूनही तपासता येतं. n लांबीच्या पॅलिंड्रोम नसलेल्या स्ट्रिंग 2^n − 2^⌈n/2⌉ असतात, n = 4 ला 12. पहिल्या ग्रामरचे 4 लांबीचे पार्स ट्री मोजले तर 12 च येतात, दुसऱ्याचे 16. जास्तीचे 4 म्हणजे `aabb`, `abab`, `baba`, `bbaa`, यांच्यात दोन्ही जोड्या बेमेळ आहेत. स्वतःचं काही तिसरंच ग्रामर लिहिलं असेल तर हाच आकडा काढून बघा. 12 पेक्षा कमी आला तर काहीतरी नक्की सुटलंय, जास्त आला तर अँबिग्युटी आहे किंवा पॅलिंड्रोम घुसलेत. 12 आला म्हणून मात्र खात्री धरू नका, दोन्ही चुका एकमेकींना झाकू शकतात.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच: पहिलं अँबिग्युअस नाही म्हणून ते बायसनसारख्या ग्रामरवरून पार्सर बनवणाऱ्या टूलला दिलं तर चालेल असं नाही, कॉन्फ्लिक्ट येणारच. डावीकडून वाचताना मध्य कुठे आहे ते कळत नाही, पॅलिंड्रोमची लँग्वेज डिटरमिनिस्टिक नाही, आणि डिटरमिनिस्टिक लँग्वेजचं कॉम्प्लिमेंट डिटरमिनिस्टिकच असतं, त्यामुळे हीसुद्धा नाही. ग्रामर कितीही बदललं तरी यातून सुटका नाही.

माझं मत विचाराल तर परीक्षेत किंवा असाइनमेंटमध्ये पहिलंच लिहा, "अनअँबिग्युअस आहे हे दाखवा" असा पुढचा प्रश्न आला तरी उत्तर तयार असतं. पण पुढे `ww` या रूपात नसलेल्या स्ट्रिंगचं ग्रामर करायचं असेल तर दुसऱ्याची कल्पना अंगवळणी पडलेली बरी, कारण तिथे टोकं सोलून काहीच हाती लागत नाही, बेमेळ अक्षरं समोरासमोर नसून अर्ध्या लांबीच्या अंतरावर असतात. तिथलं ग्रामर असं:

```
S -> AB | BA | A | B
A -> XAX | a
B -> XBX | b
X -> a | b
```

`A` च्या मधोमध `a`, `B` च्या मधोमध `b`, आणि दोन्ही शेजारी ठेवले की त्यांच्या मध्यांमधलं अंतर बरोबर अर्ध्या लांबीएवढं भरतं, तुकडे लहानमोठे असले तरी. एकटा `A` किंवा `B` विषम लांबीच्या सगळ्या स्ट्रिंग देतो, आणि त्या `ww` असूच शकत नाहीत.