केबलवरचा डिस्क ब्रेक, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

ज्या ब्रेकबद्दल लिहितोय तो पंधरा ते तीस हजारांच्या बऱ्याच हायब्रिड आणि एमटीबी सायकलींवर सापडतो: केबलवर चालणारा, एकच पॅड सरकणारा कॅलिपर आणि १६० मिमीचा रोटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण रचना सगळीकडे जवळपास तीच आणि कटकटीही त्याच. वापर रोजचा शहरातला, अधूनमधून घाट.

थांबवण्याच्या कामात तक्रार नाही. भर पावसात रिम ब्रेकपेक्षा हा कितीतरी लवकर पकडतो. तक्रार आवाजाची. दुकानात गेलात की केबल ताणून देतात आणि आठवडाभरात आवाज परत येतो. कारण आवाज तीन प्रकारचे असतात, तिन्हींची कारणं वेगळी, आणि केबल ताणणं हा त्यातल्या एकावरही उपाय नाही.

चाक उचलून फिरवा आणि ऐका. सलग ‘सर्रर्र’ येत असेल तर कॅलिपर सरळ बसलेला नाही. प्रत्येक फेरीला एकदाच ‘श्शिक... श्शिक’ येत असेल तर रोटर वाकलाय. मोकळं फिरताना काहीच नाही, पण ब्रेक दाबला की भोंगा वाजतो आणि पकड कमी झालीय, तर पॅडला तेल लागलंय. पाऊस पडताना येणारी किंचाळी यात धरू नका. रोटरवरचं पाणी पुसलं गेलं की दोन-चार ब्रेकमध्ये ती जाते.

सलग घासण्याचं आधी. कॅलिपरला हात लावण्यापूर्वी सायकल जमिनीवर उभी करून क्विक रिलीज सैल करा, हँडलवर थोडा भार द्या, चाक खाचेत पूर्ण बसू द्या आणि मग आवळा. पंक्चर काढून चाक तिरकं बसवलेलं असतं आणि दोष ब्रेकला लागतो.

या कॅलिपरमध्ये फक्त बाहेरचा पॅड सरकतो. तो रोटरला किंचित वाकवून आतल्या, म्हणजे स्पोकच्या बाजूच्या, स्थिर पॅडवर दाबतो. कॅलिपर सरळ करण्याची जी युक्ती सगळीकडे दाखवतात, म्हणजे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आवळा, ती हायड्रॉलिकमध्ये चालते, कारण तिथे लिव्हर सोडल्यावर दोन्ही पॅड मागे जातात. इथे लिव्हर सोडला की बाहेरचा पॅड मागे जातो, आतला मात्र रोटरला चिकटलेलाच राहतो. म्हणून युक्ती करूनही घासतं.

त्यात एक पायरी वाढवायची. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट ५ मिमीच्या ॲलन कीने अर्धा-एक आटा सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा (रबर बँडने बांधला तरी चालेल) आणि बोल्ट आलटून पालटून पाव-पाव आटा आवळा. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर वॉशरबरोबर कॅलिपर फिरतो आणि मेहनत वाया जाते. शेवटचा ताण ६ ते ८ न्यूटन मीटर. आता लिव्हर सोडा आणि स्पोकच्या बाजूने आतल्या पॅडचा स्क्रू साधारण एक अष्टमांश आटा मागे घ्या. बहुतेक मॉडेलमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरवला की पॅड रोटरकडे येतो, उलट फिरवला की लांब जातो. मागे पांढरा कागद धरून फटीतून बघा: आतल्या बाजूला केसाएवढा उजेड दिसायला हवा आणि तो वरपासून खालपर्यंत सारखा हवा. वर रुंद, खाली बंद असेल तर कॅलिपर तिरका आहे; पुन्हा करा.

या ब्रेकची खरी गोम झिजेनंतर कळते. दोन्ही पॅड झिजतात, पण केबल ताणून फक्त बाहेरचा जवळ येतो. आतली फट वाढतच जाते, रोटरला दर वेळी जास्त वाकावं लागतं आणि कॅलिपरची दांडी अर्धी वळलेल्या स्थितीपासूनच काम सुरू करते. लिव्हर हँडलला टेकतो, तरी पकड नाही. म्हणून केबलच्या ॲडजस्टरला हात लावण्याआधी आतला पॅड जवळ घ्यायचा. पावसाळ्यात कोकणच्या लाल चिखलात पॅड फार भराभर झिजतात, तेव्हा हे महिन्यातून एकदा तरी बघावं लागतं.

वाकलेला रोटर ओळखायला वेगळं यंत्र लागत नाही. चाक हळू फिरवा, फटीत बघा, जिथे रोटर पॅडकडे येतो तिथे मार्करने खूण करा. चाकाची आउट काढतात तशीच रोटरचीही निघते. स्क्रू पान्याचा जबडा अल्कोहोलने स्वच्छ पुसा, खुणेच्या जागी रोटर पकडा आणि उलट बाजूला अगदी थोडा दाब द्या. सोडा, फिरवा, बघा. जोर हळूहळू वाढवा. एकदम दिलात तर बाक दुसऱ्या बाजूला जातो आणि मग लाटच तयार होते. पॅडच्या फटीत मावण्याएवढा सरळ झाला की थांबा, कागदासारखा सपाट होणार नाही. टेम्पोत आडवी टाकलेली सायकल आणि स्टँडच्या सळईत अडकवलेलं चाक, बाकाची ही दोन नेहमीची कारणं. रोटरला स्पष्ट घडी पडली असेल किंवा जाडी १.५ मिमीपर्यंत आली असेल (नवा साधारण १.८) तर बदला. त्याआधी हबवरचे सहा टॉर्क्स बोल्ट टी-२५ ने तपासा. सैल बोल्टही वाकल्यासारखाच आवाज करतो.

आता भोंगा. समोरच्या ब्रेकचं एक उदाहरण घ्या: सायकल धुतली, चेनला स्प्रे मारला, दुसऱ्या दिवसापासून उतारावर ब्रेक ओरडतो आणि अंतर जास्त लागतं. स्प्रेचा फवारा पुढपर्यंत जातो, आणि तेलकट कापडाने रोटर ‘चमकवला’ असेल तर विचारायलाच नको. इथे क्रम चुकला की पैसे जातात: नवे पॅड जुन्या तेलकट रोटरवर बसवले तर तेही खराब होतात. आधी रोटर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती फडकं, फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत, दर वेळी नवी बाजू वापरून. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. जेल सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं.

पॅड काढून सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या १२० नंबरच्या सँडपेपरवर घासा, चकाकी जाऊन रंग एकसारखा मॅट होईपर्यंत. नुसता वरचा थर तेलकट असेल तर यावर भागतं. रेझिनचा पॅड मात्र तेल आत शोषतो. घासल्यावर दोन दिवस बरा वाटतो आणि ब्रेक तापला की तेल परत वर येतं. गॅसवर पॅड भाजण्याचा सल्ला रेझिनच्या बाबतीत तरी ऐकू नका, पत्र्यापासून मसाला सुटू शकतो. ब्रेकच्या बाबतीत हा जुगार काही शे रुपयांसाठी परवडत नाही, सरळ नवी जोडी घ्या.

नवे किंवा घासलेले पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर २०-२५ च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, पंधरा-वीस वेळा ब्रेक लावा. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर रोटरवर चढतो आणि पकड तेव्हाच येते. हे न करता थेट घाट उतरलात तर पॅड चकाकतात आणि स्वच्छ असूनही किंचाळतात.

इतकं करूनही फक्त उभं राहून पेडल मारताना किंवा वळणावरच ‘टिंग टिंग’ येत असेल तर ब्रेक सोडा आणि चाक हाताने आडवं हलवून बघा. खडखड लागली तर काम हबच्या बेअरिंगचं आहे.