आधी अपवाद-टिपणी की मागाहून कार्योत्तर मंजुरी?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका सहकाऱ्याची अडचण: ऐन मे महिन्यात शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला, आत संत्री. कंपनीच्या नियमानुसार ५० हजारांवर तीन कोटेशनं हवीत, पण तो कॉम्प्रेसर एकाच डीलरकडे. आता दोन वाटा: खरेदीआधी नियमातून सूट मागणारी अपवाद-टिपणी, किंवा आधी खरेदी करून मागाहून घेतलेली कार्योत्तर मंजुरी. काय करायचं?

वेळ बघाल तर कार्योत्तर मंजुरी सोपी. आज पार्ट आणा, कागद नंतर. टिपणीला सहीपर्यंत एखादा दिवस जातो.

ऑडिटमध्ये मात्र चित्र उलटतं. मागाहून लिहिलेलं कारण सबबीसारखं वाचलं जातं, आणि अटी घालायला काही उरलेलंच नसतं. टिपणीत त्या घालता येतात: सूट याच एका खरेदीपुरती, कमाल ८५ हजार, दराची पडताळणी मागच्या बिलाशी, पैसे कॉम्प्रेसर बसवून चाचणी झाल्यावरच, सूट पंधरा दिवसांनी आपोआप रद्द. ‘तातडीचे आहे’ एवढंच लिहू नका. इतर दोन विक्रेत्यांचे नकाराचे ईमेल जोडा. असे पुरावे नसले की बहुतेक टिपण्या परत येतात.

तापमान चढतंय आणि सही करणारे साहेब फोन उचलत नाहीत, तर कार्योत्तर. पण बिघाडाची वेळ तेव्हाच नोंदवा. भाड्याच्या चिलरवर दोन दिवस निघत असतील, तर टिपणीच.