नऊचा पी/ई की बत्तीसचा?

पी/ई म्हणजे शेअरची किंमत भागिले प्रतिशेअर कमाई. फोंड्याच्या मावशीसमोर दोन शेअर आहेत. दोन्हींची प्रतिशेअर कमाई 10 रुपयेच. तिला वर्षाला 12.5 टक्के परतावा हवा. सगळा नफा लाभांशात वाटला आणि वाढ शून्य धरली, तर किंमत 10 भागिले 0.125, म्हणजे 80 रुपये.

पहिला 90 ला मिळतो, म्हणजे वाढीचे फक्त 10 रुपये. दुसरा 320 ला. त्यातले 240 पुढच्या संधींचे. राखून ठेवलेल्या नफ्यावर कंपनी 12.5 टक्क्यांहून जास्त कमावत असेल तरच ते वसूल होतील. नाहीतर धंदा पसरतो, मूल्य वाढत नाही. यंदाची कमाई तात्पुरती घसरली असेल तरीही पी/ई फुगलेला दिसतो, म्हणून मी आधी काही वर्षांची सरासरी बघते.

मावशीला लाभांशावर घरखर्च भागवायचाय, तिला पहिला बरा. दुसरा तिच्या मुलासाठी. त्याला थांबता येतं.