मागून गाडी ओळखायची: बॅज की दिवे आणि काच?

रांजणगावात तयार होणारी नेक्सॉन पुण्यात सिग्नलला हमखास दिसते, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. कर्वे रस्त्यावर मागून काढलेला फोटो. बॅज नाव लगेच सांगतो, पण व्हेरिएंटसाठी मी त्याच्यावर विसंबत नाही. अक्षरं बाजारात विकत मिळतात, डेंटिंगनंतर परत लागतातच असंही नाही.

टेललॅम्पचं तसं नाही. डिकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पट्टी असेल तर गाडी २०२३च्या सप्टेंबरनंतरच्या रूपातली. दोन्ही दिवे सुटे असतील तर त्याआधीची.

व्हेरिएंटसाठी काच बघा. जुन्या गाडीत वायपर असेल तर तो काचेवर उघड दिसतो. नव्या गाडीत तो वर स्पॉयलरखाली दडलेला असतो, त्यामुळे ‘वायपर दिसत नाही, म्हणजे बेस मॉडेल’ हा अंदाज इथे चुकू शकतो. त्यापेक्षा काचेवरची वाफ घालवणाऱ्या डीफॉगरच्या बारीक आडव्या रेषा शोधा. त्या दिसल्या तर बेस मॉडेल बाद. उन्हाची चकाकी असेल तर मात्र रेषा असूनही दिसत नाहीत, तेव्हा निकाल देऊ नये.

हिरवी नंबरप्लेट असली तर ती ईव्ही, बॅज असो वा नसो.