३१ मार्चची मोजणी की रोजची? आठ महिन्यांचा अनुभव

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ मासेमारीच्या सामानाचं गोदाम मी सांभाळतो. जाळी, दोर, फ्लोट, शिसं आणि इंजिनाचे सुटे भाग मिळून ६२० आयटम आहेत. गेल्या वर्षापर्यंत मार्चअखेर दोन दिवस शटर ओढून सगळा माल एकदम मोजायचो. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात गेल्या तेव्हापासून सायकल काउंट सुरू केला, म्हणजे रोज थोडे आयटम मोजायचे.

किंमत आणि उठाव पाहून मालाचे तीन गट केले. महागाचे ६० आयटम दर महिन्याला, मधले १६० दर तीन महिन्यांनी आणि उरलेले ४०० सहा महिन्यांनी मोजायचे. वर्षाच्या २,१६० मोजण्या होतात. कामाचे ३०० दिवस धरले तर रोज सात-आठ. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत दोघंजण पाऊण तासात उरकतात. आदल्या दिवसाच्या सगळ्या चिठ्ठ्यांची बिलं झाल्याशिवाय मोजायला हात लावायचा नाही, आणि मोजणाऱ्याच्या कागदावर सिस्टीममधला आकडा छापायचा नाही. आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस नकळत तिथपर्यंतच मोजतो.

या पद्धतीने मला खरं काय दिलं ते एका दोरावरून सांगतो. सप्टेंबरात ८ मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीन दोर सिस्टीमवर ४१२ किलो होता आणि जागेवर ३८७ भरला. पुन्हा मोजला, तेवढाच. फरक नेमका २५ किलो, म्हणजे एक अख्खं भेंडोळं. तुकडे कापताना होणारी घट अशी गोल आकड्यात येत नाही. पूर्ण नगाएवढा फरक दिसला की चूक वजनात नसते, कागदात असते. म्हणून शेजारचा १० मिलिमीटरचा दोर मोजला, तर तिथे बरोबर २५ किलो जास्त.

टोचणीतल्या आठवड्याभराच्या चिठ्ठ्या काढून बसलो. पहाटे बोट सुटायच्या घाईत उधारीवर दिलेल्या मालाच्या एका चिठ्ठीवर नुसतं "दोर १ भेंडोळं" लिहिलं होतं. देणारा मुलगा लगेच म्हणाला, "दादा, तो तांडेल नेहमी आठचाच नेतो." दुपारी बिल करणाऱ्याने जाडी न विचारता दहाचा दोर लावला होता. आम्ही चिठ्ठीवर जाडीचा रकाना छापून घेतला, आणि नंतरच्या तीन मोजण्यांत दोन्ही दोर जुळले.

मार्चच्या मोजणीत हीच चूक दरवर्षी हातातून निसटत होती. दोन्ही दोरांचा किलोचा भाव एकच, त्यामुळे एकीकडची तूट दुसरीकडच्या वाढीत जिरायची आणि एकूण रुपयांत फरक जवळजवळ शून्य यायचा. आयटमनिहाय फरक दिसला तरी तोवर चिठ्ठ्या रद्दीत गेलेल्या. एक नोंद टाकून आकडा सरळ करायचा, एवढंच हाती राहायचं.

नायलॉनच्या जाळ्यांनी मात्र मला फसवलं. उघड्या गठ्ठ्याचं वजन ऑगस्टमध्ये ४८.२ किलो होतं, जानेवारीत ४७.१. विक्री एकही नाही. मी चोरीच्या संशयाने दोन दिवस अस्वस्थ होतो. नायलॉन पावसाळी हवेतला ओलावा धरतं आणि थंडीच्या कोरड्या वाऱ्यात सोडतं. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ धरत नाही. आता बंद गठ्ठे नगावर मोजतो आणि उघड्या नायलॉनला तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य करतो. दोराला अर्ध्या टक्क्याच्या वर सूट नाही.

तुम्ही काय निवडावं, तर आधी एकच गोष्ट बघा: माल हलला त्याच दिवशी नोंद होते का? आठवड्याची बिलं रविवारी चढत असतील तर रोजच्या मोजणीत रोज खोटे फरक दिसतील आणि माणसं कंटाळून सोडून देतील. अशा गोदामाने नोंदीची शिस्त लागेपर्यंत वार्षिक मोजणीच करावी. सॉफ्टवेअर नवं असेल, जागा बदलली असेल किंवा गोदामात पाणी शिरलं असेल, तरीही आधी एकदा सगळं मोजून पाया पक्का करावा. शंभर-दीडशे आयटम असलेल्या आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानाला वार्षिक मोजणी पुरते. आयटम शेकड्यांत आणि माल देणारे हात अनेक असतील, तर मी बेधडक सायकल काउंट सांगेन.

सनदी लेखापालांशी मात्र सुरुवातीलाच बोलून घ्या. आमच्यांनी आठ महिन्यांचे मोजणी-कागद पाहिले आणि ३१ मार्चला स्वतः निवडलेले ४० आयटम समोर मोजून घेतले. शटर अर्धा दिवस बंद राहिलं.

त्या अर्ध्या दिवसात माळ्यावर फ्लोटचे सहा खोके सापडले, जे सिस्टीममध्ये कुठेच नव्हते. आमची रोजची यादी सिस्टीममधून निघते, त्यामुळे जे यादीत नाही तिथे कुणी पोचतच नव्हतं. आता दर शनिवारी यादी बाजूला ठेवून एक रॅक घेतो आणि त्यावर जे असेल ते सगळं लिहून काढतो. माळा पहिल्याच शनिवारी घेतला.