चार गोळ्या: एकदम की दिवसभर?

मुलांनो, समजा दोघांकडे चार-चार लिमलेटच्या गोळ्या आहेत. पहिला जेवण झाल्यावर चारही एकापाठोपाठ खातो. दुसरा दहा, बारा, दोन आणि चार वाजता एकेक चघळतो. साखर दोघांच्या पोटात सारखीच गेली, तरी दुसऱ्याचे दात जास्त धोक्यात आहेत.

दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की सामू, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, उतरतो; तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या आवरणातून कॅल्शियम निघू लागते. ते आम्ल शमवायला लाळेला अर्धा ते एक तास लागतो. पहिल्याच्या दातांवर असा हल्ला एकदा झाला, तोही जेवणानंतर, जेव्हा लाळ भरपूर असते. दुसऱ्याच्या दातांवर तो चार वेळा झाला. तासभर घोट घोट प्यायलेले सरबतही दुसऱ्याच्याच बाजूचे. म्हणून गोड खायचेच असेल, तर जेवणासोबत खा.

दोघांनीही रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटे ब्रश करावाच, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जाते.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. तेव्हा दुखत नाही, पण दात अजून सावरू शकतो. खड्डा पडला की तो भरावाच लागतो. सहा महिन्यांनी तपासणी करायची ती हा डाग वेळेत सापडावा म्हणून.